यादी बंद झाली. आता शोधनिबंध पाठवायचा कुठे?

विद्यापीठ अनुदान आयोगाची ‘यूजीसी-केअर’ ही जर्नलांची यादी २०१९ पासून सुमारे साडेपाच वर्षे चालली, आणि तिचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून होत असल्यामुळे महाराष्ट्रातील प्राध्यापकांना ती काहीशी घरचीच वाटत असे. पदोन्नतीचा अर्ज असो वा पीएच.डी.चे काम, जर्नल यादीत आहे का एवढे पाहिले की विषय संपत असे. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ही यादी बंद केली, जर्नल निवडण्यासाठी काही निकष सुचवले आणि निर्णयाची जबाबदारी शिक्षणसंस्थांवर व संशोधकांवर सोपवली.

त्यामुळे जो विचार पूर्वी यादी करत असे, तो आता लेखकालाच करावा लागतो. तो चार गोष्टींचा आहे: जर्नलचा विषय, त्याचे इंडेक्सिंग, समीक्षेला लागणारा वेळ आणि प्रकाशन शुल्क. बहुतेक जण या चारांपैकी शेवटच्या दोहोंपासून सुरुवात करतात, म्हणजे ‘लवकर कुठे छापतात आणि किती घेतात’ असे विचारतात. माझ्या मते घोटाळा तिथूनच सुरू होतो. क्रम नेमका का महत्त्वाचा आहे हे एका उदाहरणावरून पाहू.

समजा, यवतमाळ जिल्ह्यातील एका अनुदानित महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेने ६४ विहिरी व हातपंपांच्या पाण्याचे नमुने पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासले. कित्येक ठिकाणी फ्लोराइडचे प्रमाण भारतीय मानकाने घातलेल्या लिटरला दीड मिलिग्रॅम या कमाल मर्यादेपेक्षा जास्त निघाले, आणि जिथे फ्लोराइड जास्त तिथे कॅल्शियम कमी असल्याचेही दिसले. निबंध लिहून तयार आहे. पदोन्नतीची मुलाखत दहा-अकरा महिन्यांवर आहे आणि प्रकाशनासाठी महाविद्यालयाकडे निधी नाही.

## विषयाची चौकट आधी

प्रत्येक जर्नलच्या संकेतस्थळावर ‘एम्स अँड स्कोप’ या मथळ्याखाली ते कोणत्या विषयावरचे आणि कोणत्या प्रकारचे निबंध घेते हे लिहिलेले असते. लासलगावच्या कांद्याच्या लिलावात कोणी हापूसच्या पेट्या नेल्या, तर आंब्यात काही खोट नसूनही बोली लागणार नाही. विषय न जुळणारा निबंध असाच संपादकाच्या टेबलावरून समीक्षकांकडे न जाता परत येतो. याला ‘डेस्क रिजेक्शन’ म्हणतात.

मात्र स्कोपचा मजकूर बहुधा ऐसपैस लिहिलेला असतो आणि त्यात जवळजवळ सगळेच बसल्यासारखे वाटते. जर्नल प्रत्यक्षात काय छापते हे त्याच्या गेल्या दोन वर्षांच्या अंकांवरून कळते. त्या अंकांत आपल्या निबंधाचे भावंड म्हणावेत असे तीन-चार निबंध सापडतात का, हे पाहावे. त्याहून सोपी खूण आपल्याच संदर्भसूचीत असते. आपण उद्धृत केलेले निबंध कोणत्या जर्नलांत आले आहेत हे मोजले, तर दोन-तीन नावे पुन्हा पुन्हा येतात, आणि आपल्या प्रश्नात रस असलेले संपादक व समीक्षक बहुधा तिथेच असतात. मोठ्या प्रकाशकांच्या संकेतस्थळांवर सारांश टाकला की जर्नल सुचवणारी सोयही असते, पण ती बहुधा त्याच प्रकाशकाची जर्नले दाखवते, हे विसरू नये.

प्राध्यापिकेच्या निबंधाला हे लावून पाहू. ‘एन्व्हायर्नमेंटल जिओकेमिस्ट्री अँड हेल्थ’ हे नाव पाहताच योग्य वाटते, पण त्या जर्नलला खडक-माती-पाण्यातील रसायने आणि माणसाचे आरोग्य यांतला दुवा हवा असतो. निबंधात गावकऱ्यांच्या दातांची वा हाडांची तपासणी नाही आणि कोणी किती पाणी पितो यावरून काढलेला धोक्याचा अंदाजही नाही. ‘ग्राउंडवॉटर फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट’ भूजलाचेच जर्नल असल्याने अधिक जवळचे आहे. भारतीय विज्ञान अकादमीच्या ‘जर्नल ऑफ अर्थ सिस्टिम सायन्स’मध्येही निबंध बसू शकतो, मात्र तिथे रसायनशास्त्राबरोबर भूशास्त्राची बाजू भक्कम असावी लागेल.

इथे एक अडचण येते, आणि ती आपल्याकडच्या बऱ्याच निबंधांची आहे. ‘अमुक तालुक्यातील पाण्याचे विश्लेषण’ एवढाच निबंध असेल, तर आंतरराष्ट्रीय जर्नलचा संपादक विचारतो की त्या तालुक्याबाहेरच्या वाचकाने तो का वाचावा. अनेक जर्नले निव्वळ स्थानिक नोंदींचे निबंध घेत नाहीत असे स्पष्ट लिहितात. या निबंधातला बाहेरच्या वाचकाच्या कामाचा भाग आहे तो कॅल्शियमचा. पाण्यात कॅल्शियम भरपूर असले की त्याचा फ्लोराइडशी संयोग होऊन फारसे न विरघळणारे कॅल्शियम फ्लोराइड तयार होते आणि पाण्यातील फ्लोराइडवर आपोआप लगाम बसतो. कॅल्शियम कमी झाले की तो सुटतो. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर हा लगाम कसा बदलतो, असा प्रश्न शीर्षकात आणि सारांशात पुढे आणला, तर त्याच आकडेवारीचा निबंध भूजलाच्या जर्नलसाठी योग्य ठरतो. जर्नल ठरवताना निबंधाची मांडणी बदलावी लागते ती अशी.

## इंडेक्सिंग: जर्नलला विचारू नका, सूचीला विचारा

इंडेक्सिंग म्हणजे ठरावीक कसोट्या लावून निवडलेल्या जर्नलांच्या सूचीत समावेश. विज्ञान व समाजशास्त्रांत दोन सूचींचा बोलबाला आहे: एल्सेव्हिअर या प्रकाशनसंस्थेची स्कोपस आणि क्लॅरिव्हेट कंपनीची वेब ऑफ सायन्स. ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ हा आकडा क्लॅरिव्हेटचा. एखाद्या जर्नलने लागोपाठच्या दोन वर्षांत २०० निबंध छापले आणि पुढच्या वर्षी त्यांचे ३०० वेळा उल्लेख झाले, तर त्या वर्षीचा इम्पॅक्ट फॅक्टर दीड येतो. गणितात दीड उत्तम असू शकतो आणि कर्करोगाच्या संशोधनात नगण्य, त्यामुळे वेगवेगळ्या विषयांतल्या जर्नलांची या आकड्यावरून तुलना करण्यात अर्थ नाही.

जर्नलला मिळणारा आयएसएसएन हा नोंदणी क्रमांक गुणवत्तेचा दाखला नव्हे. तो गाडीच्या नंबरप्लेटसारखा आहे: गाडीची नोंद झाली आहे एवढे त्यावरून कळते, चालवणाऱ्याला चालवता येते का हे कळत नाही. निबंधाला मिळणारा डीओआय क्रमांक आणि गूगल स्कॉलरमध्ये दिसणे यांनाही हेच लागू आहे. काही जर्नलांच्या मुखपृष्ठावर दहा-बारा सूचींची बोधचिन्हे लावलेली असतात. त्यांतली बरीचशी पैसे किंवा नुसता अर्ज देऊन मिळणारी असतात.

म्हणून पडताळणी नेहमी सूचीकडून जर्नलकडे करावी. स्कोपससाठी `scopus.com/sources` आणि वेब ऑफ सायन्ससाठी `mjl.clarivate.com` ही पाने विनामूल्य पाहता येतात. शोध नावाने न घेता आयएसएसएनने घ्यावा, कारण एकसारखी नावे पुष्कळ असतात. स्कोपसच्या पानावर जर्नलचा समावेश कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत आहे हे दिलेले असते. बरेच जण नाव दिसताच पान बंद करतात आणि समावेश थांबल्याची तिथेच लिहिलेली नोंद वाचायची राहून जाते.

दुसरा धोका बनावट संकेतस्थळांचा आहे. एखाद्या जुन्या, खऱ्या, सूचीतल्या जर्नलचे नाव आणि आयएसएसएन उचलून कोणीतरी वेगळे संकेतस्थळ थाटतो आणि निबंध व पैसे गोळा करतो. अशा जर्नलांना इंग्रजीत ‘हायजॅक्ड’ म्हणतात. इथे आयएसएसएन तपासून भागत नाही, कारण तो खराच असतो. सूचीत जो प्रकाशक नोंदला आहे त्याच्या संकेतस्थळावरून जर्नलपर्यंत पोहोचावे. व्हॉट्सॲपवर आलेल्या दुव्यावरून जाऊ नये.

## नावाजलेले जर्नल असेल तर तपासायची काय गरज?

गरज आहे, कारण नावाजलेली जर्नलेही सूचीतून बाहेर पडतात. मार्च २०२३ मध्ये वेब ऑफ सायन्सने एका झटक्यात पन्नासच्या आसपास जर्नले वगळली आणि त्यांत एमडीपीआय प्रकाशनाचे सार्वजनिक आरोग्यावरचे एक प्रचंड आकाराचे जर्नल होते, ज्यात निबंध यावा म्हणून जगभरचे लेखक तोवर रांग लावत होते. त्याच यादीत हिंदावी या प्रकाशनाची १९ जर्नले होती. २०२३ या एका वर्षात हिंदावीने आठ हजारांहून अधिक निबंध मागे घेतले. विशेषांकांच्या वाटेने बनावट निबंधांचे कारखाने तिथे शिरले होते. डिसेंबर २०२४ मध्ये एल्सेव्हिअरचे ‘केमोस्फिअर’ वगळले गेले. पाण्यातील प्रदूषकांवर काम करणाऱ्यांच्या संदर्भसूचीत हे नाव हमखास असे, म्हणजे आपल्या प्राध्यापिकेच्या टिपणवहीतही ते असणार.

जर्नल वगळले गेले तरी त्याआधी सूचीत आलेले निबंध सहसा तिथेच राहतात. अडकतो तो मधल्या वाटेवरचा निबंध: जानेवारीत पाठवला तेव्हा जर्नल सूचीत होते आणि ऑक्टोबरमध्ये छापून आला तेव्हा नव्हते. यावर पक्का इलाज नाही. पण लक्षणे आधी दिसू शकतात. दोन-तीन वर्षांत निबंधांची संख्या कित्येक पटींनी वाढणे, नेहमीच्या अंकांपेक्षा विशेषांकच जास्त निघणे आणि जर्नलच्या विषयाशी संबंध नसलेले निबंध अंकांत दिसू लागणे ही त्यांतली मुख्य. निबंध पाठवण्याच्या दिवशी आणि स्वीकृतीचे पत्र येताच सूचीचे पान उघडून तारखेसह त्याची प्रत जपून ठेवावी. केंद्रीय यादी राहिलेली नसल्यामुळे कोणते जर्नल ग्राह्य धरायचे याचे नियम आता संस्थेगणिक वेगळे असू शकतात, तेव्हा आपल्या विद्यापीठाचा वा महाविद्यालयाचा नियम आधीच लेखी मागून घेणे शहाणपणाचे आहे.

## ‘पहिला निर्णय बारा दिवसांत’ याचा अर्थ

संपादक निबंध त्या विषयातील दोन-तीन जाणकारांकडे पाठवतो, ते दोष दाखवतात, लेखक दुरुस्ती करतो आणि मग निर्णय होतो. ही समीक्षा, म्हणजे ‘पीअर रिव्ह्यू’. तिला किती वेळ लागतो हे जर्नले हल्ली संकेतस्थळावर जाहीर करतात, पण जाहीर होतो तो बहुधा ‘पहिल्या निर्णयापर्यंतचा’ वेळ, आणि त्याने फसगत होते.

तहसील कार्यालयात शंभर माणसे आली आणि साठ जणांना कागद अपुरे म्हणून दोन मिनिटांत परत पाठवले, तर त्या खिडकीवर काम फार चटकन होते असेच आकडे सांगतील. जर्नलचे तसेच आहे. शंभर निबंधांपैकी साठ संपादकाने पाच दिवसांत परत केले आणि उरलेल्या चाळीसांना समीक्षेसाठी प्रत्येकी नव्वद दिवस लागले, तर सरासरी ३९ दिवस येते. बरीच जर्नले सरासरीऐवजी मध्यक देतात, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा; इथे तो अवघा पाच दिवसांचा येईल. ज्याचा निबंध समीक्षेला जाणार आहे त्याच्यासाठी या दोन्ही आकड्यांचा उपयोग नाही, त्याला नव्वदच दिवस थांबायचे आहे.

खरा वेळ काढायची रीत सोपी आहे. बहुतेक निबंधांच्या पहिल्या पानावर तो कधी मिळाला आणि कधी स्वीकारला या तारखा छापलेल्या असतात. नेहमीच्या अंकांतले, आपल्या निबंधाशी मिळतेजुळते दहा ताजे निबंध घ्यावेत आणि दिवस मोजावेत. समजा प्राध्यापिकेला भूजलाच्या जर्नलात ६१, ८८, ९७, ११२, १३०, १४९, १६३, १९०, २१४ आणि ३०१ असे दिवस मिळाले. मधले दोन आकडे १३० आणि १४९ आहेत, म्हणजे मध्यक सुमारे १४० दिवस, साडेचार महिन्यांच्या जरा वर. दहा-अकरा महिन्यांच्या मुदतीत ते बसते, पण एकदाच: नकार आला तर दुसऱ्या जर्नलसाठी पुरेसा वेळ उरेलच असे नाही.

या मोजणीलाही मर्यादा आहेत. ती फक्त स्वीकारलेल्या निबंधांची आहे. सहा महिने ठेवून नाकारलेले निबंध तिच्यात दिसत नाहीत. शिवाय काही जर्नले मोठी दुरुस्ती सुचवण्याऐवजी ‘नाकारत आहोत, सुधारून नव्याने पाठवा’ असे कळवतात. निबंध परत आला की ‘मिळाल्याची’ तारीख नव्याने पडते आणि जर्नल कागदोपत्री चपळ दिसते. उलट दहाच्या दहा निबंध दहा-पंधरा दिवसांत स्वीकारलेले दिसले, तर समीक्षा झाली असे मानणे कठीण आहे, कारण निवांतपणे वाचणारा समीक्षक मिळवण्यातच संपादकाचे दोन-तीन आठवडे जातात. ‘सायन्स’ या साप्ताहिकाने २०१३ मध्ये ढोबळ चुका मुद्दाम पेरलेला एक बनावट निबंध ३०४ खुल्या, म्हणजे सर्वांना विनामूल्य वाचता येणाऱ्या, जर्नलांकडे पाठवला होता, आणि १५७ जर्नलांनी तो स्वीकारला.

## वेळ वाचवायला एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवला तर?

हे चालत नाही. निबंध पाठवताना तो अन्यत्र विचाराधीन नाही असे लेखक लिहून देतो, आणि एका विषयाचे समीक्षक मोजकेच असल्याने तोच निबंध दोन जर्नलांकडून एकाच माणसाकडे जाण्याचे प्रसंग घडतात. तसे झाले की दोन्हीकडून नकार येतो आणि नाव खराब होते ते वेगळेच. संपादकाला आधी सारांश पाठवून ‘हा विषय आपल्याला चालेल का’ असे मात्र एकाच वेळी तिघांना विचारता येते. सगळेच उत्तर देत नाहीत. जे देतात त्यांच्यामुळे महिनाभर वाचतो.

## पैसे भरल्याशिवाय चांगले जर्नल छापत नाही, हे खरे का?

नाही. प्रकाशन शुल्क, ज्याला ‘एपीसी’ म्हणतात, ते निबंध सर्वांना विनामूल्य वाचता यावा म्हणून लेखकाकडून घेतले जाते. पूर्णपणे खुल्या जर्नलांपैकी पुष्कळशी ते घेतात. ‘वॉटर’ या जर्नलचे शुल्क २०२५ मध्ये २,६०० स्विस फ्रँक, म्हणजे अडीच ते तीन लाख रुपये होते. वर्गणीवर चालणारी जर्नले वाचकाकडून पैसे घेतात आणि लेखकाकडून सहसा नाही. ‘करंट सायन्स’ किंवा भारतीय विज्ञान अकादमीची जर्नले यांसारखी काही ठिकाणे तर लेखकाला फुकट असून निबंधही खुले ठेवतात.

सर्वांत जास्त गैरसमज ‘हायब्रिड’ जर्नलांबद्दल आहे. ती मुळात वर्गणीची. लेखकाची इच्छा असेल तर शुल्क घेऊन त्याचा एकटा निबंध खुला करतात. संकेतस्थळावर तीन-साडेतीन हजार डॉलरचा आकडा दिसला की आपल्याकडचा लेखक तिथूनच मागे फिरतो, पण वर्गणीचा मार्ग निवडला तर त्याला ते शुल्क लागतच नाही. ‘ग्राउंडवॉटर फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट’ अशाच प्रकारचे आहे. शुल्कमाफीच्या भरवशावर मात्र राहू नये: मोठ्या प्रकाशकांच्या आपोआप मिळणाऱ्या सवलती गरीब देशांसाठी असतात आणि अर्थव्यवस्थेच्या आकारामुळे भारत त्यांत सहसा बसत नाही.

वर्गणीच्या जर्नलात निबंध कुलूपबंद राहील, मग तो वाचणार कोण, हा आक्षेप रास्त आहे. जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या केंद्राच्या योजनेखाली तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार जर्नले सरकारी संस्थांना खुली झाली आहेत, त्यामुळे विद्यापीठातल्या वाचकाचा प्रश्न बराच सुटला. जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागातल्या अभियंत्याचा मात्र सुटला नाही, आणि यवतमाळच्या फ्लोराइडचा निबंध त्याच्याच उपयोगाचा आहे. त्यासाठी स्वीकृत मसुदा, म्हणजे समीक्षेनंतरची पण जर्नलच्या छपाईपूर्वीची प्रत, विद्यापीठाच्या संग्रहात ठेवता येते. बहुतेक प्रकाशक ठरावीक काळानंतर, अनेकदा वर्षभराने, याला परवानगी देतात. जर्नलच्या पानावर तो काळ लिहिलेला असतो.

## मग प्राध्यापिकेने काय ठरवावे?

‘वॉटर’ शुल्कामुळे बाद, आरोग्याचे जर्नल विषयामुळे बाद. उरली दोन, आणि दोन्हींना शुल्क नाही. भूजलाच्या जर्नलाशी निबंधाचा विषय जास्त जुळतो आणि साडेचार महिन्यांचा अंदाज मुदतीत बसतो, म्हणून तिथे आधी. तिथून संपादकाने आठवड्या-दोन आठवड्यांत परत पाठवला, तर फारसे न गमावता अकादमीच्या जर्नलकडे. समीक्षा होऊन चार महिन्यांनी नकार आला तर मुदत चुकण्याची शक्यता आहे आणि ती तिने डोळसपणे पत्करायची आहे. मुलाखत चारच महिन्यांवर असती, तर मी या निबंधाचा त्या अर्जात हिशेबच धरला नसता. इतक्या थोड्या अवधीत छापून देण्याची हमी जो देतो, तो समीक्षेबद्दल बोलतच नसतो.

निबंध स्वीकारला गेला की प्रकाशकाकडून कराराचा अर्ज येतो. त्यात वर्गणी आणि खुला प्रवेश असे दोन पर्याय असतात, आणि खुल्या प्रवेशाचा पर्याय बरेचदा वर आणि ठळक असतो. घाईत त्यावर खूण झाली की पुढच्या पत्रात डॉलरमधले बिल येते. तेव्हा तो अर्ज सहलेखकाला शेजारी बसवून भरावा, आणि रंगीत आकृत्यांसाठी छापील अंकाचे वेगळे पैसे मागितले असतील तर ‘फक्त ऑनलाइन रंगीत’ हा पर्याय घ्यावा.